लहान हायस्कूलचे स्वॉट विश्लेषण आणि प्राधान्यक्रम: व्यवस्थापन समित्यांचे नेहमीचे प्रश्न

गोव्यातल्या बहुतेक गावांत चित्र सारखेच असते. पहिली ते चौथी मराठी किंवा कोकणी माध्यमाची सरकारी प्राथमिक शाळा, आणि पाचवी ते दहावी गावातल्याच एखाद्या संस्थेने चालवलेले इंग्रजी माध्यमाचे अनुदानित हायस्कूल. शे-सव्वाशे मुलांच्या अशा हायस्कूलच्या समित्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे आहेत. समजावण्यासाठी डिचोली तालुक्यातल्या एका शाळेचे उदाहरण सगळीकडे वापरले आहे. ही शाळा कल्पित आहे आणि आकडे हिशेब कळावा म्हणून बेतलेले आहेत.

१. स्वॉट म्हणजे नेमके काय? आणि १२६ मुलांच्या शाळेला त्याची गरज काय?

बळ, उणिवा, संधी आणि धोके अशा चार चौकटींत शाळेची परिस्थिती मांडायची आणि त्यावरून पुढच्या दोन-तीन वर्षांत काय करायचे ते ठरवायचे, एवढेच. मोठ्या शाळेला दहा मुले कमी-जास्त झाल्याने फरक पडत नाही. लहान शाळेत दहा मुले गेली की तुकडी धोक्यात येते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि तो गेला की त्याचा विषय दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडतो. म्हणून लहान शाळेच्या स्वॉटचा कणा एकच असतो: पट. बाकी सगळे मुद्दे त्या पटावर काय परिणाम करतात, एवढ्यापुरते बघा.

२. अमुक मुद्दा उणीव की धोका, यावर आमची अर्धी बैठक जाते. कसे ठरवायचे?

एक कसोटी पुरते. समितीने आज ठराव केला आणि त्यावर मनापासून काम केले, तर गोष्ट बदलेल का? बदलणार असेल तर ती आतली, म्हणजे बळ किंवा उणीव. नसेल तर बाहेरची, म्हणजे संधी किंवा धोका. प्रयोगशाळेला कुलूप असते ही उणीव. गावात मुलेच कमी जन्मतात हा धोका.

गल्लत बहुतेक वेळा एकाच दिशेने होते. आपल्या उणिवा आपण धोक्यांच्या चौकटीत ढकलतो. "पालकांना इंग्रजी शाळेचे वेड लागले आहे" हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक समितीच्या कागदावर पाहिले आहे, आणि तेही धोक्यात. त्यातला किती भाग खरोखर बाहेरचा आणि किती आपला, हे मोजता येते. ते प्रश्न ४ मध्ये करून दाखवले आहे.

३. आकडे कुठून आणायचे? आमच्याकडे संगणकावर फारसे काही नाही.

संगणक लागत नाही. जनरल रजिस्टर, दाखल्यांच्या पुस्तकातली स्थळप्रत आणि युडायस या सरकारी शालेय माहितीसंचासाठी दरवर्षी भरलेली माहिती, एवढे कार्यालयात असतेच. दाखल्याच्या स्थळप्रतीवर शाळा सोडण्याचे कारण लिहिलेले असते, पण त्यावर विसंबू नका. "पालकांची इच्छा" असे छापील कारण असते. त्या घरी कुणीतरी जाऊन विचारावे लागते.

यात भर घालायची ती एकाच गोष्टीची: आसपासच्या प्राथमिक शाळांत पहिली, दुसरी, तिसरी, चौथीत आज किती मुले आहेत. गणेश चवथीची सुट्टी संपली की समितीच्या दोघांनी मुख्याध्यापकांसह प्रत्येक प्राथमिक शाळेत जाऊन यावे. नावे मागू नका, इयत्तेनुसार संख्या मागा. तालुक्याच्या गावातली इंग्रजी प्राथमिक शाळा यादीतून वगळू नका. १९९० पासून प्राथमिक स्तरावर मराठी-कोकणी माध्यमालाच अनुदान होते. २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही मिळाले, आणि तेव्हापासून तुमच्या गावची पहिलीतली काही मुले बसमधून तिकडे जातात. तीही तुमच्याच गावची आहेत.

४. पुढच्या चार वर्षांचा पट आधी कसा सांगता येईल?

कारण ती मुले आजच कुठेतरी वर्गात बसलेली आहेत. यंदा पहिलीत असलेले मूल चार वर्षांनी पाचवीत येणार. ते मोजायचे असते, भाकीत करायचे नसते.

आपल्या नमुना शाळेत आज पाचवी ते दहावी अनुक्रमे १९, २०, २५, २२, २४ आणि १६ मुले आहेत, एकूण १२६. तिला मुले देणाऱ्या सगळ्या प्राथमिक शाळांचा मागील तीन वर्षांचा हिशेब असा:

| वर्ष | चौथी उत्तीर्ण | आपल्या पाचवीत आली | वाटा |
|---|---|---|---|
| दोन वर्षांपूर्वी | ३४ | २५ | ७४ टक्के |
| गेल्या वर्षी | ३० | २० | ६७ टक्के |
| यंदा | ३२ | १९ | ५९ टक्के |

तीन वर्षांची सरासरी काढली तर दोन तृतीयांश येते आणि समिती निश्चिंत होते. सरासरी काढू नका, घसरण बघा.

आता त्या प्राथमिक शाळांत चौथीत ३१, तिसरीत २७, दुसरीत २२ आणि पहिलीत १९ मुले आहेत. वाटा ५९ टक्क्यांवरच राहिला तर आपल्या पाचवीत पुढची चार वर्षे १८, १६, १३ आणि ११ मुले येतील. वाटा पुन्हा ७४ टक्क्यांवर नेला तर २३, २०, १६ आणि १४. मधल्या काळात कुणी शाळा सोडली नाही असे धरले, तर चार वर्षांनी पहिल्या वाटेने एकूण पट ९७ होतो आणि दुसऱ्या वाटेने ११२.

म्हणजे १२६ वरून ९७ वर येताना २९ मुले कमी होणार. त्यातली १५ आपला वाटा घसरल्यामुळे, ही उणीव. उरलेली १४ गावात मुलेच कमी असल्यामुळे, हा धोका. "इंग्रजी शाळेचे वेड" या एका वाक्याचे असे दोन तुकडे होतात, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे. दुसरी गोष्ट कटू आहे, पण ती पहिल्याच बैठकीत बोलायला हवी: सगळे काही उत्तम केले तरी शाळा १२६ वर राहणार नाही. ११२ मुलांची चांगली शाळा चालवायची तयारी आजपासून करायची आहे.

हिशेब झाल्यावर तुकड्यांच्या मंजुरीचे आदेश फाइलमधून काढा आणि किमान पटाची अट कुठल्या वर्षी कुठल्या इयत्तेला अडणार, ते वर्ष तक्त्यावर लाल पेनाने लिहा. ती तुमची खरी मुदत.

५. दहावीचा निकाल सलग शंभर टक्के आहे. हे आमचे पहिले बळ, बरोबर ना?

असेलही, पण आधी दोन गोष्टी तपासा. दहावीला १६ मुले असतील तर एक मूल नापास झाल्याने निकाल ९३.७५ टक्क्यांवर येतो. इतक्या लहान संख्येत शंभर आणि चौऱ्याण्णव यांतला फरक शिकवण्याचा आहे की एका मुलाच्या आजारपणाचा, हे सांगता येत नाही. त्यामुळे एका वर्षाचा निकाल बघू नका. पाच वर्षांची मुले एकत्र करून बघा, तेही टक्क्यांऐवजी विषयवार गुणांत. गणितात काठावर सुटलेली किती, हा आकडा जास्त बोलतो.

दुसरी तपासणी अवघड जाते. आज दहावीत असलेल्या तुकडीचे आठवीतले हजेरीपत्रक काढा आणि एकेक नाव जुळवा. आठवीत २३ होती आणि दहावीत १६ पोहोचली, तर मधली सात कुठे गेली? नववीत मागे ठेवली, दाखला घेऊन गेली, की परीक्षेला बसवलीच नाहीत? नववीला चाळणी लावून मिळवलेला शंभर टक्के निकाल गावाला कळतो. त्या सात घरांतली धाकटी भावंडे मग चौथीनंतर दुसरीकडे जातात, आणि प्रश्न ४ मधला वाटा घसरतो. बळाच्या चौकटीत लिहिलेली गोष्टच उणीव निघते ती अशी.

६. बैठकीला कोणाला बोलवावे? समितीचे नऊजण पुरेत का?

पुरत नाहीत. समितीतल्या बहुतेकांची स्वतःची मुले कधीच शिकून गेलेली असतात. शिक्षकांतले दोघे, त्यांत पाचवीला शिकवणारे एक हवेतच. पालक शिक्षक संघाच्या दोन आया. कार्यालयातला कारकून, कारण दाखला न्यायला आलेला पालक जे बोलतो ते त्यालाच ऐकू येते. आणि बालरथाचा, म्हणजे सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेच्या बसचा, चालक. हसू नका. कुठल्या वाड्यावरच्या थांब्यावर आपली किती मुले उभी असतात आणि शेजारच्या शाळेच्या बसची किती, हे त्याच्याइतके कुणालाच माहीत नसते.

चौकटी भरताना आधी प्रत्येकाने गप्प बसून कागदावर लिहावे आणि नंतर वाचावे. अध्यक्ष आधी बोलले तर बाकीच्यांचे कागद कोरे राहतात.

७. मुले का सोडून गेली, हे पालक आम्हाला खरे सांगतील का?

अध्यक्ष गेले तर नाही. ज्या शिक्षिकेशी त्या घराचे बरे आहे तिला पाठवा आणि "परत या" म्हणण्याचे काम तिच्यावर टाकू नका. दोनच प्रश्न विचारायचे: कधी ठरवलेत, आणि ठरवताना कशाची भीती होती?

नमुना शाळेत यंदा ३२ पैकी १३ मुले आली नाहीत. तेरा घरी विचारले. तीन कुटुंबे कामधंद्यासाठी गाव सोडून गेलेली. २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यापासून या पट्ट्यात ही गोष्ट नवी नाही. सहा घरे वरच्या वाड्यावरची: तालुक्याच्या शाळेची बस दारात येते, आपला बालरथ खालच्या तिठ्यावरून वळतो. उरलेल्या चार घरांत मोठे भावंड आपल्याच शाळेत होते. प्राथमिकमध्ये हुशार असलेले ते मूल पाचवीत इंग्रजी माध्यम सुरू झाल्यावर मागे पडले आणि सहा महिने घरी रडत होते. आईवडिलांनी ठरवले, धाकट्याचे असे होऊ द्यायचे नाही.

"वेड" म्हणत होतो ते हे. एक रस्त्याचा प्रश्न आणि एक पाचवीच्या वर्गाचा.

८. चार चौकटी भरल्या. त्यातून प्राधान्ये कशी काढायची?

चौकटी भरून कागद फाइलला लावणे हा या कामाचा नेहमीचा शेवट असतो. तो टाळायचा तर चौकटी एकमेकींशी जोडाव्या लागतात: कुठल्या बळाने कुठली संधी धरता येईल, आणि कुठली उणीव कुठल्या धोक्याला वाट करून देते. जी उणीव थेट धोक्याला जोडली जाते ती आधी. ज्या मुद्द्याची जोडी लागत नाही तो कितीही खरा असला तरी यंदा बाजूला.

दोनच प्राधान्ये घ्या, फार तर तीन. प्रत्येकाला एक नाव, एक तारीख, एक रक्कम आणि एक आकडा लागतो. नमुना शाळेने घेतलेले पहिले प्राधान्य म्हणजे बालरथ वरच्या वाड्यापर्यंत नेणे. फेरी नऊ किलोमीटरने वाढते. सकाळ-दुपार मिळून दिवसाला १८, शाळेचे २०० दिवस धरले तर ३,६०० किलोमीटर. बस लिटरला पाच किलोमीटर देते, म्हणजे ७२० लिटर डिझेल, आणि लिटर ₹९० धरला तर वर्षाला ₹६४,८००. सहा मुलांसाठी एवढा खर्च जास्त वाटेल. पण तीच सहा मुले सहा वर्षे शाळेत राहतात आणि त्यांच्या मागे भावंडे असतात. पाहायचा आकडा: त्या वाड्यावरून पाचवीत आलेली मुले. दोन वर्षांत तीनपेक्षा कमी आली तर फेरी बंद. हेही ठरावातच लिहिले. बंद करण्याची अट आधी लिहिली नाही तर पुढे कुणी ती फेरी बंद करण्याचे धाडस करत नाही.

दुसरे प्राधान्य पाचवीचे. त्याला वेगळे उत्तर हवे.

९. मराठी प्राथमिकमधून आलेली मुले पाचवीत अडखळतात. ही आमची उणीव कशी? माध्यम तर वरून ठरलेले आहे.

माध्यम बदलते हा भाग तुमच्या हातात नाही. पहिल्या दिवसापासून त्या मुलाशी कसे वागायचे, हा पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

आधी मोजा. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात चौथीच्या पातळीची दहा गणिते मराठीत द्या आणि दोन दिवसांनी तशीच दहा, आकडे बदलून, इंग्रजीत. मराठीत आठ आणि इंग्रजीत तीन सोडवणाऱ्या मुलाला गणित येते, फक्त "रिमेंडर" म्हणजे बाकी हे कुणी सांगितलेले नाही. दोन्हीकडे तीन सोडवणाऱ्याची अडचण वेगळी, त्याला गणितच शिकवावे लागेल. या दोघांना एकाच "इंग्लिश सुधार" वर्गात बसवणे ही सर्रास होणारी चूक आहे.

पहिल्या गटासाठी महागडे काही लागत नाही. गणित, विज्ञान आणि भूगोलातले पहिल्या सत्रात लागणारे दीडेकशे शब्द, मराठी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी, वर्गाच्या भिंतीवर आणि वहीत. रोज पहिल्या तासातली वीस मिनिटे त्यांवर. आणि चवथीच्या सुट्टीपर्यंत मुलाने उत्तर मराठीत दिले तरी ते बरोबर धरायचे. शेवटच्या अटीला शिक्षक आधी नाखूश असतात. "सवय कशी लागणार?" असे विचारतात. पण गप्प बसलेल्या मुलाला कसलीच सवय लागत नाही.

नाताळच्या सुट्टीआधी तीच जोड-चाचणी पुन्हा घ्या. मराठी आणि इंग्रजी गुणांतले अंतर निम्म्यावर आले नसेल तर काहीतरी चुकते आहे. आले असेल तर शिमग्याआधी, पालकांचा निर्णय व्हायच्या आत, त्या मुलांच्या आयांना घेऊन प्राथमिक शाळांच्या पालकसभेला जा. जाहिरातीचा फलक लावण्यापेक्षा एका आईने दुसरीला सांगणे उपयोगी पडते.

१०. पाचवीला छोटी प्रवेश परीक्षा घेऊन तयार मुलेच घेतली तर?

घेता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास बंदी आहे. पहिल्या उल्लंघनाला ₹२५,००० पर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ₹५०,००० पर्यंत दंड आहे. प्रश्न ९ मधली चाचणी प्रवेश झाल्यावर आणि शिकवण्यासाठी घ्यायची आहे, म्हणून ती चालते. शिवाय पट घटत असताना दारात चाळणी लावणे म्हणजे आपल्याच पायावर कुऱ्हाड.

११. बालरथ आमचे बळ की धोका?

दोन्ही. ज्या मुद्द्याच्या दोन बाजू असतील तो दोनदा लिहायला हरकत नाही, फक्त वाक्ये वेगळी हवीत. "बस आहे, चालकाला रस्ता आणि मुले माहीत आहेत" हे बळ. "बस आणि तिच्यावरच्या माणसांचा खर्च सरकारी अनुदानावर चालतो, बालरथ कर्मचाऱ्यांचा संप झाला की आपली निम्मी मुले घरी बसतात" हा धोका. बसचे वय आणि मागच्या वर्षी ती किती दिवस गॅरेजमध्ये होती, हा आकडा उणिवांत येऊ शकतो. फेरी वाढवण्याआधी तो बघा, आणि बदललेल्या मार्गाची बाब शिक्षण खात्याला लेखी कळवा.

१२. शाळा विकास आराखडा कायद्याने करावाच लागतो ना? मग हे वेगळे कशाला?

इथे बऱ्याच समित्यांचा गोंधळ होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कलम २२ नुसार ती शाळा विकास आराखडा करते. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित खासगी शाळांत या समितीचे काम सल्ल्यापुरतेच राहिले आणि आराखड्याच्या सक्तीतूनही त्या शाळा वगळल्या गेल्या. सरकारी शाळेला आराखडा करावाच लागतो, तुम्हाला कुणी विचारणार नाही. म्हणून संस्थेच्या व्यवस्थापन समितीने तो स्वतःहून केला नाही तर तो होतच नाही. पालकांची सल्लागार समिती मात्र तुमच्याकडेही आहे. प्रश्न ६ मधल्या बैठकीला तिच्यातल्याच पालकांना बोलवता येईल.

१३. उणीव म्हणजे मुख्याध्यापकच असतील तर कागदावर काय लिहायचे?

माणूस लिहू नका, काम लिहा. "मुख्याध्यापक पालकांना भेटत नाहीत" याऐवजी "दाखला मागायला आलेल्या पालकाशी कुणी बोलत नाही". पहिले वाक्य भांडण लावते, दुसऱ्यावर उपाय सापडतो, आणि बहुतेक वेळा उपाय म्हणजे आठवड्यातला एक ठरलेला तास असतो. प्रकरण खरोखर सेवेतल्या कसुरीचे असेल तर त्याची जागा स्वॉटच्या तक्त्यात नाही. गोवा शालेय शिक्षण कायदा १९८४ आणि १९८६ च्या नियमांत त्याची रीत दिली आहे, त्या वाटेने जा.

१४. आपणच प्राथमिक विभाग काढला तर मुले बांधलेली राहतील. ही संधी धरावी का?

प्रश्न ४ चा तक्ता समोर ठेवून विचार करा. पहिलीत सगळ्या शाळांत मिळून १९ मुले आहेत. तुमचा प्राथमिक विभाग त्यातलीच दहा-बारा घेणार, गावात नवी मुले येणार नाहीत. सरकारी प्राथमिक शाळा आणखी रिकामी होईल, आणि ज्या शिक्षिका आज चौथीच्या पालकांना "हायस्कूल गावातच आहे, तिथेच घाला" असे सांगतात, त्यांना ते सांगायचे कारण उरणार नाही. मान्यता, खोल्या आणि अनुदान मिळेपर्यंतचे पगार हा भाग वेगळाच. इंग्रजी प्राथमिकला जाणारी मुले वळवता येतील असा ठोस हिशेब असेल तरच पुढे जा.

शेजारच्या हायस्कूलशी विलीन व्हावे का, असेही विचारतात. दोन्ही शाळांचा चार वर्षांचा पट एकत्र मांडा. एकत्र येऊनही तुकडी भरत नसेल तर विलीनीकरणाने फक्त बसची फेरी लांबते. भरत असेल तर लाल पेनाने लिहिलेल्या वर्षाच्या दोन वर्षे आधी बोलणी सुरू करा. त्यानंतर तुमच्या हाती अटी घालण्यासारखे काही उरत नाही.

१५. रंगमंच आणि स्मार्ट बोर्ड या मागण्या दरवर्षी येतात. त्यांचे काय करायचे?

तेरा घरांपैकी एकाही घराने स्मार्ट बोर्ड नाही म्हणून मूल काढले नव्हते. रंगमंचाचे मात्र थोडे वेगळे आहे. आपल्याकडे गावचे नाटक शाळेच्या पटांगणात झाले तर त्या निमित्ताने अख्खा गाव शाळेत येतो, आणि रंगमंचासाठी देणगी देणारे पाचवीच्या शब्दांसाठी पैसे देणार नाहीत. देणगी त्याच नावाने येत असेल तर घ्या. शाळेच्या पैशातून नको.

१६. हे पुन्हा किती दिवसांनी करायचे?

चारही चौकटी तीन वर्षांनी. प्रश्न ४ चा तक्ता दरवर्षी चवथीची सुट्टी संपल्यावर, त्याला एक सकाळ पुरते. आणि मध्येच काही मोठे घडले, म्हणजे एखादी सरकारी प्राथमिक शाळा बंद झाली किंवा शेजारच्या शाळेने नवी बस घेतली, तर त्याच महिन्यात.

नमुना शाळेत पहिलीचा आकडा १९ होता. पुढच्या वर्षी तो आधी बघा.